पाट्या-पत्रिकांच्या फोटोंतले आकडे टंकताना देवनागरी की इंग्रजी? तारखा आणि फोन नंबरांचा नियम ठरवायचा आहे

सुमेध_मिरज
आमच्या वाचनालयात गावातले जुने फोटो गोळा करण्याचं काम सुरू आहे. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, मंडळांची फ्लेक्स, शाळेच्या कोनशिला असं सगळं. प्रत्येक फोटोत जो मजकूर दिसतो तो शीटमध्ये टंकायचा, म्हणजे पुढे कुणालाही शोधता येईल. टंकणारे वेगवेगळ्या वयाचे आहेत आणि अडचण आकड्यांपाशी आली आहे.

एकाच पाटीवर ‘स्थापना १९८४’ देवनागरीत आणि मोबाइल नंबर इंग्रजी आकड्यांत असतो. कुणी दोन्ही देवनागरीत टंकतं, कुणी दोन्ही इंग्रजीत, कुणी दिसेल तसं. परवा शीटमध्ये 1992 शोधलं तर १९९२ लिहिलेल्या ओळी आल्याच नाहीत. मला एकच नियम हवा आहे. सगळं देवनागरीत करायचं, सगळं इंग्रजीत करायचं, की फोटोत आहे तसं ठेवायचं? निर्णय झाला की आधीच्या ओळी दुरुस्त करायला बसायचं आहे, म्हणून विचारपूर्वक सांगा.

देशपांडे_काका
यात विचारण्यासारखं काही नाही. मजकूर मराठी आहे, तर आकडेही मराठीच हवेत. शासन निर्णय उघडून पाहा, दिनांक देवनागरी आकड्यांत असतो. आपली पुस्तकं, मासिकं, दिनदर्शिका देवनागरीच वापरतात. पाटीवर रंगाऱ्याने इंग्रजी आकडे काढले असतील तर ती त्याची सवय. वाचनालयाने शुद्ध रूप जपावं. सरसकट देवनागरी करा.

अनिकेत_पुणे
कसंही टंकू दे, शेवटी मशीन बदलतं. पायथनमध्ये एका ओळीचं काम आहे:

```python
t = str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789")
"१७-५-१९९२".translate(t)   # 17-5-1992
```

सगळी शीट यातून काढा, सगळे आकडे इंग्रजी होतील, शोध चालेल. माणसांना नियम शिकवत बसू नका.

तेजश्री_नागपूर
काका, छापील लेखात तुमचं म्हणणं मला मान्य आहे, मीही देवनागरीच लिहिते. पण इथे सुमेध लेख लिहीत नाहीत, फोटोत काय आहे त्याची नोंद करताहेत. पाटीवर इंग्रजी ९ आहे की देवनागरी, हीसुद्धा त्या पाटीबद्दलची माहिती आहे. बाजारपेठेत मोबाइल नंबर इंग्रजी आकड्यांत कधीपासून दिसू लागले असं उद्या कुणी विचारलं, तर सरसकट बदललेल्या शीटमधून उत्तर मिळणार नाही.

अनिकेत, तुमची ओळ बरोबर आहे आणि ती लागणारही आहे. पण ती चालवल्यावर मूळ काय होतं ते परत काढता येत नाही. आणि माणसाने आकडा चुकीचा वाचला असेल तर मशीन तो चुकीचाच आकडा नीटनेटका करून देईल. सुमेध यांची खरी अडचण तिथे आहे.

मी जुन्या कागदपत्रांच्या नोंदींवर बरीच वर्षं काम करते. आमच्याकडे दोन रकाने असतात. पहिला ‘दिसतं तसं’: आकड्यांची लिपी, मधल्या मोकळ्या जागा, तिरक्या रेघा, ठिपके, सगळं जसंच्या तसं. दुसरा ‘शोधासाठी’: इथे सगळं इंग्रजी आकड्यांत आणि एकाच साच्यात. तारीख असेल तर 1992-05-17, म्हणजे वर्ष, महिना, दिवस. फोन असेल तर सलग आकडे, मध्ये काही नाही. दुसरा रकाना बराचसा अनिकेत यांच्या ओळीने भरता येतो, पहिला माणसानेच भरायचा.

आता वाचण्याबद्दल, कारण चुका तिथे होतात. दोन्ही लिप्यांतले सगळे आकडे सारखा त्रास देत नाहीत. ०, २ आणि ३ दोन्हीकडे जवळजवळ सारखे दिसतात आणि किंमतही तीच असते. तिथे लिपी चुकली तरी तारीख चुकत नाही. धोका आहे तो दिसायला सारखे पण किमतीने वेगळे असलेल्या आकड्यांत. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 ही सगळ्यात वाईट जोडी. दुसरी जोडी देवनागरी ४ आणि इंग्रजी 8. रंग उडालेल्या हाताच्या अक्षरात देवनागरी ५ आणि इंग्रजी 4 सुद्धा गोंधळ घालतात.

म्हणून एकेक आकडा सुटा वाचू नका. आधी त्या अख्ख्या संख्येची लिपी ठरवा, मग किंमत वाचा. लिपी ठरवायला संख्येतला असा आकडा शोधा ज्याच्याबद्दल शंकाच येऊ शकत नाही. सपाट डोक्याचा 7 दिसला की संख्या इंग्रजी. ६ किंवा ८ देवनागरी वळणाचा दिसला की संख्या देवनागरी. तुमचंच उदाहरण घ्या. ‘स्थापना १९८४’ मधला शेवटचा आकडा झिजला असेल तर घाईत कुणी तो 8 वाचेल आणि 1988 टंकेल. पण त्याच्या आधीचा ८ देवनागरी आहे. त्याला लागून इंग्रजी 8 यायचं कारण नाही, म्हणजे तो ४ आहे. चार वर्षांचा फरक एका शेजाऱ्यामुळे टळला.

वर्षा_ठाणे
माझ्याही फोनवर हीच अडचण आहे! मराठी कीबोर्ड लावला की आकडे इंग्रजीच येतात. देवनागरी आकडा हवा असेल तर काय करायचं? नातवाला विचारलं तर त्याने भाषाच बदलून दिली, आता सगळा फोन मराठीत झाला आहे.

अनिकेत_पुणे
वर्षाताई, धागा फोटोंतल्या आकड्यांचा आहे, तरी सांगतो. बऱ्याच कीबोर्डांवर इंग्रजी आकड्याची कळ दाबून धरली की वर देवनागरी आकडा दिसतो, बोट तिकडे सरकवायचं. फोनची भाषा सेटिंग्जमधून परत बदलता येईल.

तेजश्री, मूळ रूप हरवतं हे मान्य. मी दुसऱ्याच रकान्याचा विचार करत होतो. एक भर घालतो. पायथनमध्ये `\d` लिहून आकडे शोधले तर देवनागरी आकडेही सापडतात, जावास्क्रिप्टमध्ये `\d` म्हणजे फक्त 0 ते 9. तोच शोध एका ठिकाणी चालला आणि दुसऱ्या ठिकाणी अर्ध्या ओळी गाळल्या, असं होतं. म्हणून जावास्क्रिप्टमध्ये `[0-9०-९]` असं स्पष्ट लिहा.

वर्षा_ठाणे
जमलं! १२३. आभार.

अण्णा_पेंटर
मी इचलकरंजीत पाट्या रंगवायचो. फ्लेक्स आल्यावर काम बंद झालं. तेजश्रीताईंनी विषय काढलाच आहे, म्हणून एकाच पाटीवर दोन जातीचे आकडे का यायचे ते सांगतो.

दुकानदार नाव तोंडी सांगायचा. ‘श्री अमुक तमुक, स्थापना अमुक साल’. ते आम्ही आमच्या हाताने काढायचो, मग साल देवनागरीतच यायचं. फोन नंबर मात्र तो चिठ्ठीवर लिहून द्यायचा, कारण नंबर चुकला तर पाटी फुकट. चिठ्ठीवर नंबर इंग्रजीत असला की आम्ही इंग्रजीतच उतरवायचो. बदलून लिहायला गेलं की चूक व्हायची भीती. म्हणून साल एका जातीत, नंबर दुसऱ्या जातीत. मोबाइल आल्यावर तर गिऱ्हाईकच म्हणायचं, नंबर इंग्रजी काढा, बाहेरगावचा माणूस, परप्रांतीय ट्रकवाला, सगळ्यांना वाचता यायला पाहिजे.

पण एकाच नंबरात दोन जाती मिसळायचं काम माझ्या हातून तरी झालं नाही, आणि दुसऱ्या कुणाचं पाहिलं असेल तर फार क्वचित. असं दिसलं तर एक बघा, नंबर नंतर दुरुस्त केलेला असतो. आकडा बदलला की गिऱ्हाईक दुसऱ्या पेंटरला बोलवायचं आणि तो फक्त तेवढा चौकोन खरवडून नवा आकडा काढायचा. फोटो मोठा करून बघा, त्या आकड्यामागची जमीन वेगळ्या रंगाची दिसेल.

१ आणि 9 बद्दल. चांगल्या हाताचा देवनागरी १ खाली डावीकडे किंवा सरळ सुटतो आणि वरचा गोल लहान असतो. इंग्रजी 9 चा गोल मोठा, अर्धी उंची घेतो. पण घाईतल्या कामात दोन्ही सारखेच दिसतात हे खरं आहे. आणि २ बघायचा असेल तर पायाकडे बघा. इंग्रजी 2 चा पाय आडवा सपाट, देवनागरी २ चा पाय तिरका खाली शेपटीसारखा जातो.

सुमेध_मिरज
अण्णा, हे फार मोलाचं सांगितलंत. दोन जातींच्या आकड्यांची आमच्याकडे एक पाटी आहे, आज मोठी करून पाहिली. शेवटच्या दोन आकड्यांमागे खरंच निळी जमीन जरा गडद आहे.

तेजश्रीताई, दोन रकाने मान्य. आता दोन अडलेले फोटो.

पहिला, शिंप्याच्या दुकानाची पाटी. दहा आकडी नंबर आहे. पहिला आकडा वर गोल, खाली शेपूट. एकीने १ टंकलाय, दुसऱ्याने 9. मधले दोन आकडे सपाट डोक्याचे 7 आहेत.

दुसरा, लग्नपत्रिका. घडी नेमकी वर्षाच्या शेवटच्या आकड्यावर पडली आहे. मजकूर असा: ‘रविवार दि. १७ मे १९९_, मिती वैशाख कृ. १’. शकाचा आकडा त्याच घडीत पूर्ण गेला. टंकणाऱ्या काकू म्हणतात १९९८, कारण उरलेली रेघ ८ सारखी दिसते.

तेजश्री_नागपूर
शिंप्याची पाटी सोपी आहे. सपाट 7 आहेत म्हणजे नंबर इंग्रजी, म्हणून पहिला आकडा 9. दुसऱ्या बाजूनेही तेच निघतं. आपल्याकडे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, १ ने नाही. पण या दुसऱ्या वाटेने एकट्याने जाऊ नका. नंबरातला चौथा आकडा अडला तर ती उपयोगाची नाही, शेजारच्या आकड्यांची वाट तिथेही चालते.

पत्रिकेत लिपीचा प्रश्न नाही, तिथले सगळे आकडे देवनागरीच आहेत. पण ‘दिसतं तसं’ आणि ‘शोधासाठी’ यांत फरक का ठेवायचा, ते या पत्रिकेवरून चांगलं दिसतं. म्हणून सविस्तर लिहिते.

१९९० ते १९९९ या दहा वर्षांत १७ मे रविवारी कधी आला ते पाहा. फक्त १९९२ आणि १९९८. म्हणजे वारामुळे आठ वर्षं बाद झाली, आणि काकूंचं १९९८ अजून शर्यतीत आहे. आता मिती. १९९२ मध्ये बुद्धपौर्णिमा १६ मे रोजी होती. दुसऱ्या दिवशी, १७ मे, वैशाख कृष्ण प्रतिपदा. पत्रिकेवर ‘वैशाख कृ. १’ आहे, तंतोतंत जुळतं. १९९८ मध्ये पौर्णिमा ११ मेच्या सुमारास होती, १७ मेपर्यंत कृष्ण पक्ष बराच पुढे गेला होता. म्हणून वर्ष १९९२. शके १९१४ असणार, कारण चैत्रापासून डिसेंबरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा करायचे. आणि पुढच्या पत्रिकांसाठी लक्षात ठेवा, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ वजा करायचे. जानेवारी-फेब्रुवारीतल्या लग्नांना हीच चूक होते.

आता नोंद कशी करायची? पहिल्या रकान्यात ‘१९९?’ असंच ठेवा. फोटोत २ दिसत नाही, तर तो तिथे टंकायचा नाही. दुसऱ्या रकान्यात 1992-05-17 लिहा आणि टिपेत ‘वार आणि मितीवरून’ असं लिहा. वार-मिती काहीच नसतं आणि घडी तशीच असती, तर दुसऱ्या रकान्यात 199X लिहायचं. न कळलेल्या आकड्याच्या जागी X ही तारखांची रूढ पद्धत आहे आणि ‘नव्वदचं दशक’ शोधणाऱ्यालाही ती ओळ सापडते.

देशपांडे_काका
मितीची पडताळणी वाचून समाधान वाटलं. पत्रिकेत मिती असते ती शोभेला नाही.

तरीही माझा एक आग्रह राहतो. पहिल्या रकान्यात इंग्रजी आकडा मराठी वाक्यात बसवणं मला खटकतं. मराठी राज्यात देवनागरी आकडेच अधिकृत आहेत ना? राज्यघटनेतही देवनागरी लिपीचा उल्लेख आहे.

तेजश्री_नागपूर
काका, घटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदात संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतली हिंदी म्हटली आहे, पण संघराज्याच्या शासकीय कामासाठी आकड्यांचं रूप मात्र भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप, म्हणजे 1, 2, 3, असं सांगितलं आहे. तो नियम केंद्राच्या कामकाजाचा. राज्याचा मराठी पत्रव्यवहार देवनागरी आकड्यांत चालतो हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. गाड्यांच्या नंबरपाट्यांना १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम लागतात, तिथे इंग्रजी अक्षरं आणि आंतरराष्ट्रीय आकडेच हवेत. तरी रस्त्यावर देवनागरी पाट्या दिसतात. फोटोत अशी गाडी असेल तर पहिल्या रकान्यात देवनागरीच टंकायची. नियम काय होता आणि फोटोत काय होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

देशपांडे_काका
अनुच्छेद वाचला. तुमचं बरोबर आहे. पण वाचनालय जेव्हा या फोटोंचं पुस्तक छापेल, तेव्हा चित्राखालच्या ओळीत तारखा देवनागरीतच याव्यात, एवढं तरी सुमेध यांनी पाळावं.

तेजश्री_नागपूर
तिथे माझा पूर्ण पाठिंबा. चित्राखालची ओळ आपली, पाटीवरची ओळ पाटीची.

रोहन_न्यूजर्सी
माझ्या आईवडिलांचा अल्बम स्कॅन करतोय. फोटोंच्या कोपऱ्यात नारिंगी रंगात कॅमेऱ्याने छापलेली तारीख आहे: '94 2 3. हे दोन मार्च की तीन फेब्रुवारी? मी अमेरिकेत वाढलो, मला महिना आधी वाचायची सवय आहे, बाबा दिवस आधी वाचतात. आणि या आकड्यांना देवनागरीत टंकायचं का? बाकीचा अल्बम आईने मराठीत लिहिला आहे.

अनिकेत_पुणे
देवनागरीत नको. ते कॅमेऱ्याने फिल्मवर उमटवलेले आकडे आहेत, आईच्या अक्षराशी त्यांचा संबंध नाही. पहिल्या रकान्यात '94 2 3 असंच, अ‍ॅपॉस्ट्रॉफीसकट. वर्ष पहिलं असेल तर त्या कॅमेऱ्यांत पुढचा क्रम महिना आणि मग दिवस असा असतो, म्हणून तीन फेब्रुवारी. खात्री हवी असेल तर त्याच रिळातला दुसरा फोटो शोधा ज्यात शेवटचा आकडा बारापेक्षा मोठा आहे. तो महिना असूच शकत नाही, म्हणजे क्रम सिद्ध झाला.

तेजश्री_नागपूर
क्रम पटला. त्यात एवढंच घाला की कॅमेऱ्यातलं घड्याळ चुकीचं लावलेलं असू शकतं. बॅटरी बदलल्यावर तारीख परत लावायची राहून गेली की सगळं रीळ चुकीच्या वर्षाचं निघतं. आईने अल्बमात हाताने काही तारीख लिहिली असेल तर ती वेगळ्या ओळीत नोंदवा. दोन्ही जुळल्या तर उत्तम, नाही जुळल्या तर कुठलीही पुसू नका.

रोहन_न्यूजर्सी
आईने ‘३ फेब्रु. ९४, राजूचं बारसं’ लिहिलंय. जुळलं.

सुमेध_मिरज
शीटबद्दल सगळ्यांच्या उपयोगाचं एक सांगतो. इंग्रजी आकड्यांत 0233 हा एसटीडी कोड टंकला की पुढचं शून्य आपोआप गायब होतं आणि 233 उरतं. 17-5-92 टंकलं तर शीट त्याची स्वतःच तारीख करून टाकते. आमच्या शीटमध्ये देवनागरीत ०२३३ टंकलं तर शून्य टिकतं, कारण शीट त्याला संख्या समजतच नाही. काही जण म्हणूनच नकळत देवनागरीकडे वळले होते, असं आता लक्षात आलं. उपाय म्हणजे टंकायच्या आधी दोन्ही रकाने निवडून Format → Number → Plain text करायचं. आधी करायचं, नंतर केलं तर गेलेलं शून्य परत येत नाही.

लँडलाइनबद्दल एक प्रश्न. एका किराणा दुकानाच्या पाटीवर ‘फोन : (०२३३) ×××××’ असा जुना पाच आकडी नंबर आहे. आता नंबर मोठे झालेत. शोधाच्या रकान्यात आजचा नंबर लिहायचा का, म्हणजे लोकांना सापडेल?

अनिकेत_पुणे
२००२-०३ च्या सुमारास लँडलाइन नंबरांच्या आधी २ लागला. तेवढा २ जोडला की आजचा नंबर तयार.

तेजश्री_नागपूर
नको, अनिकेत. त्याआधीही अनेक गावांत एक्स्चेंज बदलताना नंबर वाढले, काही ठिकाणी पूर्ण बदलले. पाच आकड्यांना २ जोडून सहाच आकडे होतात, आज ०२३३ नंतर सात लागतात, म्हणून तो नंबर लागणारच नाही. शोधाच्या रकान्यात पाटीवरचेच आकडे, फक्त इंग्रजीत आणि सलग: 0233 आणि पुढचे पाच. नंबर किती आकडी आहे त्यावरून पाटीचा काळ साधारण कळतो, तो पुरावा बदललेल्या नंबरात नाहीसा होईल. पाच आकडी लँडलाइन आहे आणि मोबाइल नाही, तर पाटी बहुतेक २००२ च्या आधी रंगवलेली. रंगवलेली म्हणते, फोटो काढलेला नाही. पाट्या वर्षानुवर्षं तशाच राहतात.

अण्णा_पेंटर
बरोबर. नंबर बदलला तरी पाटी बदलायला दुकानदार पैसे काढत नसे. आधी जागा असेल तर आम्ही तिथे बारीक २ काढून द्यायचो. तो २ बाकीच्या आकड्यांपेक्षा लहान आणि कंसाला चिकटलेला दिसेल.

नेहा_रत्नागिरी
एक वेगळी काळजी मांडते. या पत्रिका आणि पाट्यांवर लोकांचे आजही चालू असलेले मोबाइल नंबर आहेत. फोटोत नंबर असणं वेगळं आणि शीटमध्ये सलग, शोधता येईल असा टंकणं वेगळं. फोटोतून कुणी हजार नंबर गोळा करत बसणार नाही, शीटमधून एका मिनिटात करेल. माझ्या मोठ्या भावाच्या पत्रिकेवर वडिलांचा नंबर आहे, तो आम्ही अजून वापरतो.

सुमेध_मिरज
हा विचार आम्ही केलाच नव्हता. मग मोबाइल नंबर टंकायचेच नाहीत?

तेजश्री_नागपूर
माझं मत: दुकानाच्या पाटीवरचा नंबर दुकानदाराने स्वतः जगासाठी लावला होता, तो टंका. पत्रिकेवरचा नंबर पाहुण्यांसाठी होता. तिथे पहिल्या रकान्यात लिपी कळेल एवढेच पहिले दोन आकडे आणि पुढे फुल्या, दुसरा रकाना रिकामा. ‘९८××××××××’ किंवा ‘98××××××××’. आकडे किती होते आणि कुठल्या लिपीत, हे दोन्ही टिकतं.

नेहा_रत्नागिरी
दुकानांबद्दल मला अजून पटत नाही. आमच्या गावात शिंप्याचा, दूधवाल्याचा नंबर म्हणजे घरचाच नंबर. दुकान बंद झालं तरी नंबर त्याच्याकडेच असतो. निदान विचारून घ्यावं.

सुमेध_मिरज
दुकानांचं वाचनालयाच्या बैठकीत ठरवतो. तोवर शोधाचा फोनचा रकाना सार्वजनिक शीटमधून लपवून ठेवतो.

मंगेश_बडोदा
आमच्याकडे आणखी एक पायरी आहे. बडोद्यातल्या मराठी कुटुंबांच्या पत्रिका अर्ध्या मराठी, अर्ध्या गुजराती. गुजराती ૨, ૩ आणि ૪ हे देवनागरीशी इतके जुळतात की टंकणाऱ्याला फरक कळत नाही, पण संगणकाला ते वेगळे आकडे आहेत. अनिकेतच्या ओळीतून गेले तर तसेच राहतात.

अनिकेत_पुणे
बरोबर, माझ्या ओळीत फक्त देवनागरी आकडे आहेत. गुजरातीसाठी दुसरी ओळ जोडा, किंवा प्रत्येक आकड्यावर `unicodedata.digit()` चालवा. ते कुठल्याही लिपीतल्या दशमान आकड्याची किंमत देतं, बेळगावच्या पाट्यांवरच्या कन्नड आकड्यांचीही.

मंगेश_बडोदा
किंमत मिळेल, पण लिपी कशी ठरवू? ‘૨૩-૩-૨૦૦૩’ आणि ‘२३-३-२००३’ फोटोत मला सारखेच दिसतात. यात ज्याच्यावरून ओळखायचं असा एकही आकडा नाही.

तेजश्री_नागपूर
या तारखेत फक्त ०, २, ३ आहेत, म्हणून किंमत कशीही वाचली तरी 2003-03-23 येते, शोधाचा रकाना निश्चिंत भरा. पहिल्या रकान्यासाठी त्याच ओळीतल्या अक्षरांकडे बघा. आधी ‘દિ.’ असेल तर गुजराती, ‘दि.’ असेल आणि अक्षरांवर शिरोरेषा असेल तर देवनागरी. तारीख एकटीच कोपऱ्यात असेल तर पत्रिकेतली वेळ किंवा पत्त्यातला घर क्रमांक पाहा, तिथे ५ किंवा ९ सापडेल.

मंगेश_बडोदा
वेळ ‘१२.३२’ आहे. १ दोन्हीकडे सारखाच. पत्त्यात घर क्रमांक नाही. तारीख दोन्ही मजकुरांच्या मधोमध, एकदाच छापली आहे.

अण्णा_पेंटर
छापखान्याने एकदाच खिळे जुळवले असतील तर दोन्ही भाषांसाठी तोच आकडा चालवला असेल. मग तो कुठल्या लिपीचा हे खुद्द जुळाऱ्यालाच विचारावं लागेल.

देशपांडे_काका
पत्रिका मराठी घराची आहे, देवनागरी लिहा.

तेजश्री_नागपूर
काका, घर मराठी असलं तरी छापखाना बडोद्याचा आहे. मी देवनागरी टंकेन, पण टिपेत ‘लिपी अनिश्चित, गुजरातीही असू शकेल’ असं लिहूनच. मंगेश, त्या छापखान्याची त्याच वर्षांतली दुसरी पत्रिका मिळाली तर तिथला ५ किंवा ९ पाहून इथे कळवा.

मंगेश_बडोदा
पत्रिकेच्या तळाशी छापखान्याचं नाव आहे. मामांकडे त्याच सुमारासच्या तीन-चार पत्रिका आहेत, रविवारी जाऊन फोटो काढतो.